आवाजामुळे खोली बदलून हवी? अर्जातल्या या चुका टाळा

"खोलीत सतत आवाज येतो, अभ्यास होत नाही, तरी खोली बदलून मिळावी." हॉस्टेलमधले खोलीबदलाचे बहुतेक अर्ज एवढ्यावरच संपतात आणि तिथेच फसतात. आवाज कशाचा, किती वाजता, किती वेळ, यातलं काहीच वॉर्डनना कळत नाही. मग "बघू" म्हणून अर्ज फाइलला लागतो.

अर्ज लिहिण्याआधी आवाजाचं मूळ ठरवा, कारण उपाय त्यावरच ठरतो. शेजारची मुलं रात्री गाणी लावत असतील तर वॉर्डन त्यांना समज देतील, तुम्हाला हलवणार नाहीत. शिवाय अर्जात त्यांची नावं घातलीत की खोलीबदलाची विनंती शिस्तभंगाची तक्रार होऊन बसते. पण पाण्याचा पंप, मेसची भांडी किंवा जिना समज देऊन गप्प बसत नाही. तिथे खोली बदलणं हाच सरळ उपाय असतो.

सात दिवस वहीत नोंद ठेवा: तारीख, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, कशाचा आवाज. मोबाइलवर डेसिबल मोजणाऱ्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून लिहू नका. ही ॲप बऱ्याचदा अचूक नसतात. फार तर एकाच फोनने, दार लावून, जुन्या आणि नव्या खोलीची तुलना करा.

समजा, तळमजल्यावरच्या ११२ नंबरच्या खोलीमागे पंप आहे. मजकूर असा:

"खोली क्र. ११२ च्या मागील भिंतीला लागून पाण्याचा पंप आहे. तो रोज पहाटे ५ ते ५:४० आणि रात्री १०:३० ते ११:१५ चालतो. खिडकी बंद ठेवूनही आवाज कमी होत नाही. सात दिवसांची नोंद सोबत जोडली आहे. दुसऱ्या मजल्यावरील २०७ मध्ये एक जागा रिकामी असल्याचे समजते. ती, किंवा पंपापासून दूर असलेली कोणतीही खोली मिळावी, ही विनंती."

शेवटचं वाक्य मुद्दाम तसं आहे. एकाच खोलीचा हट्ट दिसला की मित्राशेजारी जायचंय अशी शंका येते, आणि ती बऱ्याचदा खरीही असते! जागाच रिकामी नसेल तर अदलाबदलीला तयार असलेला विद्यार्थी शोधा आणि त्याची सही असलेलं संमतीपत्र जोडा. मात्र त्याला पंपाबद्दल आधीच सांगा, नाहीतर आठवड्यात तोही अर्ज घेऊन उभा राहील.

अर्ज तोंडी किंवा मेसेजवर उरकू नका. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर त्याच पोचेचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या.

मंजुरी मिळाली तरी लगेच गादी उचलू नका. नवी खोली रात्री १०:३० ला, दार लावून, अर्धा तास बसून ऐका. दुपारी शांत वाटलेली खोली नेमकी टीव्ही हॉलच्या डोक्यावर निघू शकते. लेखी आदेश हातात येण्याआधी सामान हलवलंत, तर पलंग-कपाटाची नोंद जुन्याच खोलीच्या नावावर राहते आणि मोडतोडीची भरपाई तुमच्या अनामत रकमेतून कापली जाऊ शकते.