पाणीपुरीच्या गाडीवर आधी पाणी सांभाळा

पाणीपुरीचं पाणी पुन्हा उकळलं जात नाही, त्यामुळे त्यात गेलेला जंतू थेट गिऱ्हाइकाच्या पोटात जातो. म्हणून ते उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा आणि झाकण असलेल्या तोटीच्या स्टीलच्या पिंपात ठेवा. माठात मनगटापर्यंत हात बुडवण्यापेक्षा लांब दांड्याचा डाव बरा. बर्फ निळसर दिसला तर घेऊ नका, तो खाण्याचा नसतो. हात धुवायला तोटीचा वेगळा कॅन आणि साबण हवाच, विशेषतः नोटा हाताळल्यावर. त्याच त्या बादलीत बोटं विसळणं म्हणजे धुणं नव्हे! रगडा, चटण्या झाकलेल्या असू द्या. खरकट्या द्रोणांसाठी झाकणाचा डबा ठेवा. रात्री उरलेलं पाणी गटारात ओता, उद्यासाठी राखू नका.