धमकीच्या कॉलची तक्रार: कंपनीला लिहिताना या चुका टाळा

ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी आपल्या मोबाइल कंपनीला लिहिलेला अर्ज मला वाचायला दिला. ‘एक इसम वारंवार फोन करून त्रास देतो, घरी माणसे पाठवतो म्हणतो. त्याचा नंबर ताबडतोब बंद करावा.’ बस, एवढंच. एवढ्यावरून कंपनीतला माणूस शोधणार काय? काकांच्या फोनमध्ये दोन सिम, आणि कॉल कोणत्या सिमवर आले तेसुद्धा लिहिलेलं नव्हतं.

मग कॉलची यादी उघडून आम्ही नव्यानं लिहिलं:

‘माझ्या वरील क्रमांकावर ३ जून रोजी सकाळी ११.४२ वाजता खालील क्रमांकावरून कॉल आला व तो सुमारे २ मिनिटे चालला. मी न घेतलेल्या कर्जाचे पैसे मागून, न दिल्यास घरी माणसे पाठवण्याची धमकी देण्यात आली. त्याच दिवशी दुपारी ४.१० वाजता त्याच क्रमांकावरून पुन्हा कॉल आला.’

तारीख, वेळ आणि दोन्ही क्रमांक असले की कंपनीला आपल्या नोंदींशी ताडून पाहता येतं. म्हणून रागाच्या भरात नंबर ब्लॉक करून यादी पुसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा.

काका तर आधी भलत्याच कंपनीला लिहायला निघाले होते, धमकी देणाऱ्याच्या नंबरचे पहिले आकडे बघून! नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे आकड्यांवरून काही कळत नाही. अर्ज आपल्याच कंपनीला द्यावा. ट्रूकॉलरवर दिसणारं नावही आरोपीचं म्हणून लिहू नये. ते सिमच्या कागदपत्रांवरून आलेलं नसतं.

‘त्याचं नाव-पत्ता कळवा’ ही मागणी तर हमखास असते. कंपनी ती माहिती तुम्हाला देणार नाही, पोलिसांनी रीतसर मागितली तर देईल. त्याऐवजी तक्रार क्रमांक मागा, या कॉलच्या नोंदी जपून ठेवायला सांगा आणि काय कारवाई केली ते लेखी कळवायला सांगा.

कॉल व्हॉट्सअ‍ॅपवरून आला असेल, तर त्याची नोंद मोबाइल कंपनीच्या कॉल-नोंदींत सापडत नाही. असा नंबर व्हॉट्सअ‍ॅपमध्येच रिपोर्ट करा आणि sancharsaathi.gov.in वरच्या ‘चक्षू’ सुविधेतही नोंदवा. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कॉलची तक्रारही चालते.

पैसे गेले असतील तर मात्र अर्ज लिहीत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. धमकी असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची पोच अर्जाला जोडा. काकांनी रबाळे ठाण्यातली पोच जोडली.

कंपनीचं उत्तर पटलं नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं. तिथे पहिला तक्रार क्रमांक लागतो. काकांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, दुधाच्या हिशेबाशेजारी.