विरामचिन्हं गायब झालेलं पानभर वाक्य कसं वाचावं

संज्ञाप्रवाहाच्या, म्हणजे पात्राच्या मनात विचार येतील तसे सलग मांडणाऱ्या कादंबरीबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, ‘समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, नुसते वाहत जा.’ दुसरा म्हणजे, ‘पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे पूर्णविराम हवा तिथे टाकून मोकळे व्हा.’ पहिल्याने हाती काही लागत नाही आणि दुसऱ्याने पुरावाच पुसला जातो. लेखकाने वाक्य लांबवलं, मोडलं किंवा अर्धवट सोडलं, ते पात्राचं मन कसं चालतंय ते दिसावं म्हणून. ते आपणच दुरुस्त करून टाकलं, तर मग वाचायचं काय?

सोलापुरातल्या आमच्या वाचनगटात सरावासाठी मी लिहिलेला एक उतारा आम्ही वापरतो. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात एक बाई चादरीची घडी घालते आहे, एवढंच त्यात घडतं.

‘चादरीची घडी घालताना टोक टोकाला लागलं पाहिजे नाहीतर आई म्हणायची सासरी नाव ठेवतील आणि ठेवलंच की पहिल्याच दिवशी भाकरी जाड झाली म्हणाले आता ते कुठे आणि भाकरी कुठे दोन्ही खोल्या गप्प रात्री नळ टपकलेला ऐकू येतो पूर्वी नुसतं खडखड खडखड मुलगा त्यातच झोपायचा माग थांबला की जागा व्हायचा माग विकला तेव्हा मुलगा पुण्यात होता फोनवर सांगितलं नाही दिवाळीला आला आणि खोली बघून म्हणाला आई इथे कॉट टाकू केवढी मोठी झाली खोली मी म्हटलं टाक आणि ही चादर आपल्या मागावरची शेवटची टोक टोकाला’

आधी एकदा मोठ्याने वाचा. अडखळाल तिथे थांबू नका.

मग प्रत्येक क्रियापदानंतर पेन्सिलीने बारीक तिरकी रेघ मारा. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे पूर्णविराम नसला तरी वाक्य कुठे संपलं ते कळतं. इंग्रजी वाचकाला चिन्हं काढल्यावर जेवढा धक्का बसतो तेवढा आपल्याला बसत नाही. (मोडी लिपीत तर विरामचिन्हं नव्हतीच आणि शब्दही सलग लिहीत. म्हणून ‘चिन्हं नाहीत म्हणजे आधुनिक मन’ हे समीकरण आपल्याकडे तरी चालत नाही.) रेघा मारून झाल्या की जिथे रेघ पडलीच नाही ते तुकडे वेगळे दिसतात. ‘दोन्ही खोल्या गप्प’ आणि ‘नुसतं खडखड खडखड’ यांना क्रियापद नाही. आत्ताची शांतता आणि तेव्हाचा आवाज, दोन्ही तिला वाक्यात बसवता येत नाहीत. हे टिपून ठेवा.

पुढे सांधे बघा, म्हणजे एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात मन कशाला धरून गेलं ते. ‘नाव ठेवतील’वरून ‘ठेवलंच की’, ‘झोपायचा’वरून ‘जागा व्हायचा’. हे सोपं आहे, फार वेळ घालवू नका.

खरी अडचण पुढे आहे, आणि मीही तिथे बराच काळ चाचपडत होतो. कोण बोललं, कोणी केलं, हे ठरवायचं कसं? मराठी क्रियापद कर्त्याबद्दल पुष्कळ सांगून जातं. ‘म्हणायची’ म्हटलं की बाई, ‘झोपायचा’ म्हटलं की मुलगा. ‘म्हणाले’ आलं की मात्र सावध व्हा, कारण ते अनेकजण असू शकतात किंवा आदरार्थी एकच माणूस. इथे लगेच ‘आता ते कुठे’ येतं आणि बोलणारा एकच होता, आता तो घरात नाही, असं दिसू लागतं. सासरा की नवरा, हे उतारा सांगत नाही. आपणही ठरवू नये.

आता ‘माग विकला’ इथे या. सकर्मक क्रियापद साध्या भूतकाळात आलं की ते बहुधा कर्माप्रमाणे चालतं. माग पुल्लिंगी म्हणून ‘विकला’. विकणारी बाई असो, बुवा असो, दहाजण असोत, रूप तेच राहतं. कर्ता गाळला की तो पुरता अदृश्य होतो आणि व्याकरण जराही कुरकुरत नाही. ‘फोनवर सांगितलं नाही’ हेही तसंच. मराठीत एखाद्या मनाला स्वतःपासून काही लपवायचं असेल, तर दडायला याहून सोयीची जागा नाही.

पण इथेच घाई होते. गटात नवीन येणारा प्रत्येकजण ‘कर्ता नाही म्हणजे अपराधीपणा’ असं ठोकून देतो. तसं नसतं. बोलताना आपण कर्ता सर्रास गाळतो, ‘जेवलास का?’ विचारणारा काही लपवत नसतो. एकटा गाळलेला कर्ता पुरावा नव्हे. त्याच उताऱ्यात इतरत्र काय केलंय ते बघावं लागतं. इथे आई नावानिशी येते, मुलगा दोनदा नावानिशी येतो. आणि ‘मी’ अख्ख्या उताऱ्यात एकदाच येतो, ‘मी म्हटलं टाक’ इथे. तिथेही ‘मी’ गाळता आला असता, पण तिने तो ठेवला. कॉट टाकायला होकार दिला, ते तिचं. माग विकला आणि मुलाला सांगितलं नाही, ही दोन कामं मात्र बिनमालकाची राहिली.

पडताळा असा घ्या. ‘मी माग विकला’ म्हणून वाचा, मग ‘त्यांनी माग विकला’ म्हणून वाचा. एका वाचनात पुढचे तुकडे अडायला लागले, तर ते सोडा. इथे दोन्ही चालतात. म्हणजे ‘तिनेच विकला’ असा निकाल देता येत नाही. ती त्या वाक्याजवळ आली की कर्ता टाळते, एवढंच म्हणता येतं, आणि तेवढंच म्हणा. त्याच्यापुढे गेलात की उतारा बाजूला राहतो आणि तुम्ही स्वतःचीच गोष्ट रचू लागता.

शेवटचा ‘टोक टोकाला’ क्रियापदाविना सुटतो. पहिल्या ओळीत ‘लागलं पाहिजे’ होतं, इथे नाही. उतारा संपला, घडी पुरी झाली की नाही कळत नाही.

हीच रीत परभाषेतल्या पुस्तकाला लावताना हात आखडता घ्या. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चं (1922) शेवटचं प्रकरण आठ अवाढव्य वाक्यांचं आहे. अंथरुणात पडलेली मॉली ब्लूम त्यात विचार करते आणि आत विरामचिन्हं जवळपास नाहीत. तिच्या मनात येणाऱ्या वेगवेगळ्या पुरुषांसाठी ती एकच इंग्रजी ‘he’ हे सर्वनाम वापरत जाते, त्यामुळे आत्ता कोणाबद्दल चाललंय ते वाचकाला क्षणभर उमगत नाही. मराठी करताना अनुवादकाला ‘म्हणाला’ की ‘म्हणाले’ हे दर ठिकाणी निवडावंच लागणार, आणि तो धूसरपणा तिथेच कमी होणार. म्हणून अनुवाद वाचताना कर्त्याच्या खुणांवरून मॉलीच्या मनाबद्दल काही ठरवू नका. त्या अनुवादकाच्या असतात. विषय कोणत्या क्रमाने बदलतात आणि वाक्य कुठवर ताणलं जातं, एवढ्यावर भर द्या. उरलेल्यासाठी मूळ पान शेजारी उघडं ठेवा, इंग्रजी अडखळत वाचत असलात तरी.