दोन सिमच्या फोनवर यूपीआय सुरू करण्याआधीची तयारी

नवीन फोन घेतला, जुना रीसेट केला किंवा ॲप काढून पुन्हा टाकलं, की यूपीआय ॲप पहिल्यांदा फोनकडून एक एसएमएस पाठवून घेतं. एरवी बँक आपल्याला ओटीपी पाठवते, इथे उलट का, ते आधी समजून घ्या. पुढची सगळी तयारी त्यावरच उभी आहे.

ओटीपी हा आकडा आहे, आणि आकडा फोनवर विचारून घेता येतो. तो दुसऱ्या गावात बसलेल्या माणसाने टाइप केला तरी चालतो. म्हणून यूपीआयमध्ये फोनने स्वतः एसएमएस पाठवायचा असतो. ॲप एक लांबलचक, वाचता न येणारा मजकूर तयार करतं आणि बँकेच्या ठरावीक नंबरवर पाठवतं. तो पोचतो तेव्हा कुठल्या नंबरवरून आला हे मोबाइल नेटवर्क सांगतं, ग्राहकाने ते टाइप केलेलं नसतं. मजकुरातल्या खुणेवरून हे कुठलं हँडसेट आहे ते कळतं. नंबर आणि हँडसेट यांची अशी जोडी बसली की मगच त्या नंबरशी जोडलेली खाती दिसतात. सिममध्ये स्वतःचा नंबर नेहमी लिहिलेला असतोच असं नाही, त्यामुळे ॲपला फोनकडून तो विचारून घेण्याची खात्रीची सोय नाही. नेटवर्कची साक्ष हवी, आणि ती जाणाऱ्या एसएमएसमधूनच मिळते.

तर पहिली तयारी कागदावरची. बँकेत कुठला नंबर नोंदवलेला आहे? अंदाजाने ठरवू नका. खात्यात पैसे जमा झाल्याचा किंवा एटीएममधून काढल्याचा शेवटचा मेसेज उघडा. दोन सिमच्या बहुतेक ॲण्ड्रॉइड फोनमध्ये मेसेजजवळ १ किंवा २ असा छोटा आकडा किंवा सिमचं नाव दिसतं. जुना फोन अजून चालू असेल तर हे त्याच्यावरच बघून घ्या. नंतर सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही सिमना नावं द्या, 'बँक' आणि 'घर' अशी साधी. दोन्ही सिम एकाच कंपनीची असतील तर हे आवर्जून करा. ॲप 'कुठल्या सिमवरून पाठवू?' असं विचारतं तेव्हा पुष्कळदा फक्त कंपनीचं नाव दिसतं, आणि दोन सारख्या नावांतून माणूस सहज चुकीचं निवडतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बँकेच्या सिमवरून एसएमएस *जातो* का, हे तपासा. येतो का, ते नाही. दोन सिम वापरणाऱ्यांकडे एक नंबर रोजचा असतो, त्यावर डेटा आणि कॉल. दुसरा जुना, बँकेत आणि गॅसच्या नोंदणीत दिलेला, म्हणून जपून ठेवलेला. त्या जुन्या नंबरचा पॅक संपला की आधी बाहेर जाणारे कॉल आणि एसएमएस बंद होतात, येणारे आणखी काही दिवस चालू राहतात. ओटीपी नियमाने येत असतात, म्हणून सिम ठणठणीत आहे असं सगळ्यांना वाटतं. यूपीआयला लागते ती नेमकी बंद पडलेली बाजू.

पॅक चालू असला तरी त्यात एसएमएस आहेत का ते बघा, कारण काही स्वस्त पॅकमध्ये ते अजिबात नसतात. मग पडताळणीचा मेसेज मूळ बॅलन्समधून कापला जातो. रक्कम किरकोळ असते, पण बॅलन्स शून्य असेल तर मेसेज जागचा हलत नाही. आणि नुसता टॉकटाइम टाकला म्हणजे संपलेली व्हॅलिडिटी परत आली, असं नसतं. आधी व्हॅलिडिटी, मग बॅलन्स, असा क्रम ठेवा.

खात्री करून घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच सिमवरून घरातल्या दुसऱ्या फोनवर एक साधा एसएमएस पाठवणं. व्हॉट्सॲप नको, मेसेजेसमधलं इंटरनेटवरून जाणारं आरसीएस चॅटही नको. मेसेज लिहिण्याच्या चौकटीत 'एसएमएस' असं दिसतंय का ते बघा. मेसेज पोचला की समोरच्या फोनवर कुठला नंबर उमटला तो वाचून घ्या. बॅलन्स, व्हॅलिडिटी, सिमची निवड, एसएमएस सेंटरचा क्रमांक, हे सगळं या एका चाचणीत तपासलं जातं. हे न करता लोक ॲप काढून पुन्हा टाकत बसतात, त्यात संध्याकाळ जाते.

माझ्या मावशीच्या नवीन फोनवर हा सगळा प्रकार ओळीने पाहायला मिळाला. सिम १ रोजचं, सिम २ बँकेचं. ॲपने सिम विचारलं, तिने २ निवडलं, आणि चक्र फिरत राहून शेवटी 'पडताळणी झाली नाही' असं आलं. मुलाने लगेच टॉकटाइम टाकला, तरी तेच. मग आम्ही मेसेजेस उघडले. ॲण्ड्रॉइडवर ॲपने पाठवलेला एसएमएससुद्धा बहुतेक फोनमध्ये तिथे नोंदला जातो: अनोळखी नंबर, खाली अक्षरं-आकड्यांची अर्थहीन रांग. तिच्याकडे अशा दोन रांगा होत्या, दोन्हींखाली सिम २ ची खूण आणि लाल अक्षरांत 'पाठवला नाही'. म्हणजे ॲपचा दोष नाही, बँकेचाही नाही, मेसेज फोनमधून बाहेरच पडला नव्हता. सिम २ ची व्हॅलिडिटी संपलेली निघाली. एसएमएस असलेला पॅक टाकला, थोड्या वेळाने तिच्या मुलीच्या फोनवर साधा मेसेज पाठवून पाहिला, तो गेला.

पुढच्या प्रयत्नात घाईत सिम १ निवडलं गेलं. या वेळी पडताळणी झाली, पण बँक निवडल्यावर 'या नंबरशी जोडलेलं खातं सापडलं नाही' असं आलं. ते वाचून मावशी घाबरली, खात्यालाच काही झालं की काय असं तिला वाटलं. झालं एवढंच होतं की रोजचा नंबर या फोनशी नीट जोडला गेला आणि त्या नंबरवर बँकेत काहीच नव्हतं. ॲपमधून ती नोंद काढली, पुन्हा सुरुवात केली, सिम २ निवडलं, आणि खातं दिसलं.

यातून घ्यायचं ते हे, की अपयश कुठल्या पायरीवर आलं ते वाचा. मेसेज 'पाठवला नाही' असेल तर सिम, पॅक किंवा परवानगी बघा. मेसेज गेलेला दिसतो पण ॲप वाट पाहून थकतं, तेव्हा तो उशिरा पोचतोय. त्या मजकुराची मुदत थोडी असते, म्हणून चांगल्या रेंजमध्ये जाऊन काही वेळाने करा. पडताळणी होते आणि खातं दिसत नाही, तेव्हा सिम चुकलंय किंवा बँकेत तो नंबर नोंदलेलाच नाही. नंबर नोंदलेला नसेल तर तो शाखेत किंवा एटीएमवर बदलून घ्यावा लागतो, फोनवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये थोडीच कामं आहेत. ॲपला एसएमएस आणि फोन या दोन परवानग्या द्या. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'एसएमएस पाठवणे' ही वेगळी परवानगी असते आणि ती बंद राहिलेली असते. एसएमएससाठीचं सिम 'दर वेळी विचारा' असं ठेवलेलं असेल तर पडताळणीपुरतं ते बँकेच्या सिमवर आणा. ॲपमध्ये सिम निवडण्याची सोय असली तरी काही फोनमध्ये मेसेज शेवटी सेटिंगमधल्याच सिमवरून निघतो. डेटा कुठल्याही सिमचा किंवा वायफायचा चालतो, तिकडे हात लावायची गरज नाही. मात्र त्या वेळी दुसऱ्या सिमवर कोणाशी बोलत राहू नका. बऱ्याच दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू असताना दुसरं नेटवर्कपासून तुटतं. 'मी फोनवर सांगते, तू करत जा' अशी मदत इथेच अडखळते. सांगणाऱ्याने दुसऱ्या माणसाच्या फोनवर सांगावं.

आयफोनवर ॲपला परस्पर एसएमएस पाठवता येत नाही. तयार मजकुराची चौकट उघडते आणि पाठवायचं बटण आपण दाबायचं असतं. त्याआधी वरच्या ओळीत कुठली लाइन निवडली आहे ते बघून बँकेची करा. मजकुरातलं एक अक्षरही बदलू नका.

सिम नुकतंच बदललं असेल, हरवलं म्हणून नवीन घेतलं असेल किंवा प्लास्टिकच्या सिमचं ई-सिम केलं असेल, तर त्यावर साधारण २४ तास एसएमएस बंद असतात, येणारे आणि जाणारे दोन्ही. आपल्या नावाने दुसऱ्या कोणी सिम काढून खातं रिकामं करू नये म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये ही अट घातली. त्या दिवसात प्रयत्नच करू नका. लागोपाठ फसलेले प्रयत्न मोजले जातात आणि ॲप काही काळ दार बंद करतं. दोनदा अडलं की थांबा आणि मेसेजेसमध्ये जाऊन लाल अक्षरं शोधा.

दिवसही विचार करून निवडा. नवीन फोनवर यूपीआय सुरू झालं की पहिले २४ तास साधारणपणे ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. भाडं, फी किंवा दवाखान्याचं बिल भरायचं असेल तर त्याच्या दोन दिवस आधी हे काम उरका. डेबिट कार्डही हाताशी ठेवा. पिन नव्याने ठरवावा लागला तर कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते, किंवा बँकेने सोय दिली असेल तर आधारवरचा ओटीपी.

घरातल्या मोठ्यांना एक गोष्ट आज, फोन बदलण्याआधीच सांगून ठेवा. पडताळणी फसली की काही जण इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधतात, आणि तिथला माणूस म्हणतो, 'मी एक मेसेज पाठवतो, तो जसाच्या तसा या नंबरवर फॉरवर्ड करा.' तो मेसेज म्हणजे *त्याच्या* फोनवर तयार झालेला पडताळणीचा मजकूर असतो. तुमच्या सिमवरून तो गेला की नेटवर्क तुमच्या नंबरची साक्ष देतं आणि तुमचा नंबर त्याच्या हँडसेटशी जोडला जातो. पुढे तो पिनसाठी कार्डाचे आकडे आणि ओटीपी मागतो. असा मेसेज कोणीही सांगितलं तरी हाताने पाठवायचा नाही. चुकून पाठवला गेला असेल तर बँकेला लगेच कळवून यूपीआय बंद करून घ्या, आणि पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब तक्रार नोंदवा.