डॉलर-रुपयाच्या बजेटमध्ये रेटची ओळ अशी लिहा

ग्रँटचं बजेट दोन्ही चलनांत द्यायचं असलं की लोक नुसतं '१ डॉलर = ८३ रुपये' लिहून मोकळे होतात, आणि मग रिपोर्टच्या वेळी आकडे जुळत नाहीत.

१. रेट शीटमध्ये एकाच सेलमध्ये ठेवा, समजा B1. डॉलरचा कॉलम हाताने टाइप करू नका, फॉर्म्युलाच द्या. रुपयांची रक्कम C5 मध्ये असेल तर असा:

```
=C5/$B$1
```

२. खाली टीप टाका: रेट किती, कुठला (एफबीआयएल ही संस्था जाहीर करते तो रेफरन्स रेट चालतो), कोणत्या तारखेचा, आणि मंजूर रक्कम नक्की कशात फिक्स आहे, डॉलरमध्ये की रुपयांत. हे शेवटचंच बहुतेकजण विसरतात आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण ५०,००० डॉलर ८३ ने ४१.५० लाख होतात पण रेट ८० वर आला तर ४० लाखच हातात येतात, मग दीड लाखाचा खड्डा कोणी भरायचा ते आधीच ठरलेलं बरं.

३. रेट किती टक्के हलला की बजेट रिवाइज करायचं तेही डोनरशी बोलून त्याच टीपेत लिहा.

फक्त एक, खर्चाच्या रिपोर्टला हा रेट लावू नका. डोनरने वेगळा नियम दिला नसेल तर बँकेने पैसे जमा करताना जो रेट दिला तोच धरा, हप्ते वेगवेगळे असतील तर प्रत्येकाचा वेगळा.