बाजीराव १२, १५, २४, ३१… : पुस्तकाची सूची करताना या चुका टाळा

समजा, पेशवाईच्या इतिहासावरचं तीनशे पानांचं पुस्तक आहे आणि त्याच्या शेवटच्या सूचीत ही नोंद आहे :

बाजीराव १२, १५, १८–२१, २४–२७, ३१, ४०–४४, ५८, १४५, १८८, १९०–१९३, २०१–२०४, २३३

वाचकाला हवाय वसईचा तह. बारा ठिकाणी बोट घालून पाहण्यापेक्षा तो पुस्तक मिटेल. शिवाय या एका ओळीत दोन माणसं एकत्र झाली आहेत : १७२० ते १७४० पेशवे असलेले थोरले बाजीराव आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हाचे दुसरे बाजीराव. आकडे सगळे बरोबर असले तरी नोंद निरुपयोगी आहे.

दुरुस्तीची सुरुवात सारखी नावं वेगळी करण्यापासून करावी. एकाच नावाच्या माणसांसाठी स्वतंत्र मुख्य नोंदी करा आणि कंसात ओळख द्या. त्यानंतर, एका नोंदीपुढे पाच-सहापेक्षा जास्त संदर्भ जमले की पोटनोंदी पाडा :

बाजीराव, थोरले (१७००–१७४०)
– दिल्लीवरची स्वारी ४०–४४
– निजामाशी संघर्ष, पालखेड २४–२७
– पेशवेपद मिळणे १८–२१
– मस्तानी ३१

बाजीराव, दुसरे (१७७५–१८५१)
– खडकीची लढाई २०१–२०४
– बिठूरमधलं वास्तव्य २३३
– वसईचा तह १९०–१९३

आधीच्या नोंदीतली १२, १५, ५८, १४५ आणि १८८ ही पानं इथे नाहीत, हे लक्षात आलं असेल. ‘बाजीरावांच्या आधी’ किंवा ‘बाजीरावांच्या काळापर्यंत’ एवढंच ज्या पानावर आहे, ते पान सूचीत घ्यायचं नसतं. कसोटी सोपी आहे : त्या पानावर जाऊन वाचकाला त्या विषयाचं काही नवं कळेल का? कळणार नसेल तर त्या संदर्भासाठी लिहिलेली चिठ्ठी फाडून टाका. नवख्या सूचीकाराला हे सगळ्यात जड जातं, कारण गाळलेलं पान चूक वाटतं आणि भरलेलं पान मेहनत वाटते.

‘२४–२७’ आणि ‘२४, २५, २६, २७’ यांतही फरक आहे. पहिल्यात सलग चर्चा आहे, दुसऱ्यात चार सुटे उल्लेख. चिठ्ठी लिहितानाच हे ठरवलं नाही तर नंतर कळायला पुन्हा पान उघडावं लागतं.

मराठीची खास अडचण विभक्तीत आहे. मजकुरातला शब्द जसाच्या तसा उचलला की सूचीत ‘साताऱ्याच्या गादीचा वाद’ आणि ‘सातारा’ अशा दोन नोंदी होतात आणि पानं विखुरतात. मुख्य नोंद मूळ रूपातच हवी : ‘सातारा’, आणि खाली ‘गादीचा वाद’. पोटनोंदही नेमक्या शब्दाने सुरू करा. ‘च्या काळातील महसूल’ असं लिहिलं तर ती ‘च’मध्ये जाऊन बसते, ‘महसूल’ लिहिलं तर वाचक जिथे शोधतो तिथे सापडते.

याच कारणाने पीडीएफमध्ये ‘शोधा’ दाबून सूची करू नका. ‘पुणे’ शोधल्यावर ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ सुटतात. ‘सातारा’ शोधल्यावर ‘साताऱ्यात’ सुटतं, कारण तिथला ऱ वेगळं अक्षर आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेल्या पुस्तकात तर काहीच सापडत नाही. आणि शोधाने फक्त शब्द मिळतो, विषय नाही. ‘श्रीमंतांनी कर्जाची तोंडमिळवणी कशी केली’ या परिच्छेदात बाजीरावाचं नाव नसेल, तरी तो त्याच्याच नोंदीत जायला हवा. पानं लागलेली अंतिम प्रुफं हातात घेऊन, पेन्सिलने खुणा करत, सगळं पुस्तक वाचणं याला पर्याय नाही. एका चिठ्ठीवर एकच नोंद आणि एकच पानसंदर्भ लिहा. एकावर दोन लिहिल्या की चिठ्ठ्या लावताना एक हरवतेच.

आता ‘पाहा’. वाचक कुठल्या नावाने येईल ते आपल्या हातात नसतं. नाना फडणवीसांचं मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. कुणी ‘भानू’ शोधेल, कुणी ‘नाना’. नानासाहेब पेशवे म्हणजे कधी बाळाजी बाजीराव, कधी १८५७ च्या उठावातले धोंडोपंत. म्हणून :

नाना फडणवीस. पाहा फडणवीस, नाना
नानासाहेब (१८५७). पाहा पेशवे, धोंडोपंत
नानासाहेब (बाळाजी बाजीराव). पाहा पेशवे, बाळाजी बाजीराव
भानू, बाळाजी जनार्दन. पाहा फडणवीस, नाना

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, आंधळी ‘पाहा’ : लक्ष्य असलेली नोंद संपादनात गळते आणि वाचक रिकाम्या जागी पोचतो. दुसरी, चक्री : ‘राघोबा. पाहा रघुनाथराव’ आणि ‘रघुनाथराव. पाहा राघोबा’. दोन्हीकडे एकही पान नाही. तिसरी जरा सूक्ष्म आहे : दोन-तीनच पानांच्या विषयासाठी वाचकाला दुसरीकडे पिटाळणं. ‘राघोबा’पुढे एकूण दोनच पानं असतील तर ती दोन्ही नावांपुढे लिहून टाका, ‘पाहा’ची गरजच नाही. पोटनोंदी असलेल्या मोठ्या विषयातच ‘पाहा’ जागा वाचवते.

‘हेही पाहा’ हे वेगळं आहे. दोन्ही नोंदींत स्वतःची पानं असतात आणि दुसरीकडे वाढीव माहिती मिळते. ‘चौथाई’पुढे ‘हेही पाहा सरदेशमुखी’ ठीक. पण दोन्ही नोंदी त्याच पानांवर नेत असतील तर ती ओळ काढून टाका.

नावांच्या बाबतीत ‘छत्रपती’, ‘श्रीमंत’, ‘संत’, ‘डॉ.’ या उपाधींवरून क्रम लावू नका. तुकाराम ‘त’मध्येच शोधले जातात. अलीकडच्या माणसांचं आडनाव आधी लिहा, राजे आणि संत मात्र नावानेच.

क्रमाचा नियम पहिली चिठ्ठी लावण्याआधी ठरवा. अनुस्वाराचे शब्द अक्षराच्या सुरुवातीला घ्यायचे की शेवटी? क्ष आणि ज्ञ हे क आणि ज मध्ये, की ह आणि ळ नंतर? दोन्ही पद्धती चालतात, मध्येच बदलणं चालत नाही. नियम सूचीच्या माथ्यावर एका ओळीत छापा. चिठ्ठ्या टंकून यंत्राकडून लावून घेणार असाल तर नुसत्या युनिकोड क्रमांकावर चालणारा प्रोग्रॅम ळ ला ल आणि व च्या मध्ये टाकतो आणि ‘ॲ’ने सुरू होणारे शब्द ह च्याही पुढे ढकलतो, तेव्हा हे हाताने तपासा.

छपाईआधीच्या शेवटच्या दोन तपासण्या कधीच गाळू नयेत. एक, प्रत्येक ‘पाहा’वर बोट ठेवून लक्ष्यनोंद शोधा आणि तिचं लेखन अक्षरशः तेच आहे का बघा. दोन, पुस्तकाचं पान मध्येच उघडून उलट पाहा : त्या पानावरचा मुख्य विषय सूचीत आहे का? पाच-सहा पानांत दोन सुटलेले निघाले तर ते प्रकरण पुन्हा वाचावं लागेल.

आणि सूची तयार झाल्यावर लेखकाने बाराव्या प्रकरणात एक परिच्छेद घातला, तर आधी प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं पान जुन्या आणि नव्या प्रुफात जुळतंय का ते बघा. जुळत असेल तर फक्त बाराव्या प्रकरणातले आकडे तपासायचे. जुळत नसेल तर सरकलेल्या पानापासून पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा काढाव्या लागतात, म्हणून त्या सूची छापून होईपर्यंत फेकायच्या नसतात.