फोटोवरून कोळंबी मसाला: रंग, तवंग आणि कोळंबीच्या आकारावरून कृती कशी काढावी

नौपाड्यातल्या एका मालवणी खानावळीतून माझ्या धाकट्या बहिणीने फोटो पाठवला: वाटीत कोळंबी मसाला, शेजारी तांदळाची भाकरी आणि सोलकढी. खाली एकच ओळ, "ताई, हे घरी जमेल का?" जमलं, पण दुसऱ्या खेपेला. फोटोतला पदार्थ कसा वाचायचा ते याच वाटीवरून सांगते.

आधी फोटोचा रंग सरळ करा

खानावळीत पिवळे दिवे असतात, त्यामुळे प्रत्येक रस्सा केशरी दिसतो. फोटोत पांढरी असायलाच हवी अशी एखादी वस्तू शोधा. इथे तांदळाची भाकरी होती. फोनवरच फोटोचा पिवळेपणा कमी करत गेले. भाकरी पांढरी दिसू लागली तेव्हा केशरी वाटणारा मसाला तपकिरी-लाल झाला. इथेच अंदाज बदलला. केशरी रंग बघून मी टोमॅटो-काजूची ग्रेव्ही धरून चालले होते. तपकिरी म्हणजे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण.

मग फोटो मोठा करून मसाल्याचा पोत बघा

काजूची ग्रेव्ही गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. खोबऱ्याच्या वाटणाला रवाळपणा असतो आणि ते कोळंबीच्या पाठीवर चिकटून बसतं. इथे तसंच होतं. टोमॅटोच्या सालीचा तुकडा कुठेही दिसला नाही. वाटीच्या कडेला लाल तेल होतं, पण पाणी सुटलेलं नव्हतं, म्हणजे मसाला नीट परतलेला होता. तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून तवंग लाल असेल तर तिखट तेलात पडलंय असं समजावं.

कोळंबी स्वतःच शिजण्याची वेळ सांगते. ती हुकासारखी वाकून मोकळा आकडा झाला असेल तर बेताची शिजलेली. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून गोल वेटोळं झालं असेल तर जास्त शिजून चिवट झालेली. फोटोतल्या कोळंब्यांचे आकडे मोकळे होते आणि अंगावर तळल्याचा करपट पापुद्रा नव्हता. म्हणजे ती तळलेली नाही, शेवटी मसाल्यात सोडलेली आहे.

आंबटपणा मात्र फोटोत सहसा दिसत नाही. इथे नशिबाने मसाल्यात एक काळपट जांभळा चपटा तुकडा होता, ते आमसूल. तो नसता तर बहिणीलाच विचारावं लागलं असतं. मीठ, लसूण आणि तिखटाचा जोर यांचं उत्तरही फोटोत नसतं. ज्याने खाल्लंय त्याला विचारा: आधी आंबट लागलं की तिखट? लसूण वेगळी जाणवली का?

वाचलेल्यावरून कृती

जांभळी नाक्यावरून नारळ आणि आमसुलं आणली. सोललेली पाव किलो कोळंबी हळद-मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवली. एक मोठा कांदा उभा चिरून थोड्या तेलावर तपकिरी केला, मग अर्धी वाटी ओलं खोबरं मंद आचेवर खरपूस भाजलं. सहा लसूण पाकळ्या आणि आल्याचा छोटा तुकडा घालून अगदी थोड्या पाण्यात वाटलं.

पहिल्या खेपेला कढईत वाटण आधी परतलं आणि मालवणी मसाला वरून घातला. चव ठीक होती, पण तवंग फिकट आला आणि एकूण रंग मातकट. माझी वाटी भाकरीसकट खिडकीशी ठेवून फोटो काढला आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले. दोन फरक दिसले: तेल लाल नव्हतं, आणि कोळंबीला सुटलेल्या पाण्याने मसाला सैल झाला होता.

दुसऱ्या खेपेला तीन चमचे तेलात बारीक चिरलेला छोटा कांदा परतला. आच अगदी मंद करून दोन चमचे मालवणी मसाला तेलातच घातला. तो चटकन करपतो, म्हणून पाण्याचा एक हबका हाताशी ठेवा. मग वाटण, आणि कडेने तेल सुटेपर्यंत परतणं. याला आठ-दहा मिनिटं लागतात, घाई करू नका. पाव वाटीच पाणी आणि तीन आमसुलं घातली, कारण उरलेलं पाणी कोळंबी स्वतः देते. उकळी आल्यावर कोळंबी घातली आणि झाकण न ठेवता चार मिनिटं शिजवली. आकडा अजून मोकळा असतानाच गॅस बंद केला, कारण गरम मसाल्यात ती पुढेही शिजत राहते.

यावेळी कडेला लाल तेल आलं आणि मसाला कोळंबीच्या पाठीवर बसला. बहीण जेवायला आली, तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "त्यांच्यात लसूण जास्त होती." पुढच्या वेळी सहाच्या दहा पाकळ्या घालेन, बाकी काही बदलणार नाही.